प्रकल्प नोंदी: वडोदऱ्याहून साक्रीकडे, ९८ टनांचा ट्रान्सफॉर्मर

९ जानेवारी २०२५

कारखान्याकडून वाहतुकीचं ड्रॉइंग आलं. १०० एमव्हीएचा पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. सौर प्रकल्पाच्या २२० केव्ही उपकेंद्रात बसणार, साक्री तालुक्यात, दहिवेलच्या पुढे. तेल काढलेलं, बुशिंग, रेडिएटर आणि कॉन्झर्व्हेटर टाकी वेगळ्या ट्रकांनी जाणार. उरलेली टाकी ९८ टनांची, लांबी ७.२ मीटर, रुंदी ३.३, उंची ४.१५. आत तेलाऐवजी कोरडा नायट्रोजन.

सगळ्यात आधी पाहिलं ते गुरुत्वमध्याचं चिन्ह. टाकीचा मध्य आणि वजनाचा मध्य एकाच ठिकाणी नसतात, आणि ट्रेलरवर जागा ठरते ती वजनाच्या मध्यावरून. या ड्रॉइंगवर तो एका टोकाकडे जवळपास ३० सेंटीमीटर सरकलेला आहे.

मार्ग कागदावर सोपा दिसतो. वडोदऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने भरूच, कामरेज, पलसाणा. तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, दहिवेल. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. शेवटचे सहा किलोमीटर मात्र गावरस्ता.

उत्तरायण संपेपर्यंत गुजरातेत कोणी भेटणार नाही. पाहणी त्यानंतर.

१६ जानेवारी

महामार्गाची पाहणी. लेझर मीटर, फायबरची दुर्बिणी काठी आणि वही. फलकावर लिहिलेल्या उंचीवर विसंबायचं नाही, हा आमचा जुना नेम. उड्डाणपुलाखाली फलक लागतो तो पूल बांधताना. नंतर रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात. एकेका थराला पाच-सहा सेंटीमीटर जातात आणि फलक तोच राहतो.

आज एका पुलाखाली नेमकं तेच निघालं. फलकावर ५.५ मीटर. दुभाजकाकडच्या लेनमध्ये मोजले ५.४३, डाव्या लेनमध्ये ५.३६. आपल्या भाराची उंची अशी: टाकी ४.१५, हायड्रॉलिक ट्रेलरचा डेक नेहमीच्या चालीत १.१९, खाली लाकडी पॅकिंग आणि रबरी पट्ट्या मिळून ८ सेंटीमीटर. एकूण ५.४२. उजव्या लेनमध्ये एक सेंटीमीटर मोकळा राहतो, म्हणजे काहीच नाही.

उपाय ट्रेलरमध्येच आहे. डेक हायड्रॉलिकवर ३० सेंटीमीटर वर आणि तितकाच खाली जातो. पूर्ण खाली आणायचा मोह होतो, पण मग सस्पेन्शनला हलायला जागा राहत नाही आणि एखाद्या खड्ड्यात सगळा भार थेट चौकटीवर येतो. म्हणून २० सेंटीमीटरच उतरवायचा. उंची ५.२२ होते. उजव्या लेनने २१ सेंटीमीटर मोकळे मिळतात. वहीत पुलाच्या नावापुढे लिहिलं: थांबा, डेक उतरवा, उजवी लेन, चालण्याचा वेग.

टोलनाक्यांवर कडेची रुंद लेन मोजली. सगळीकडे जातो. एका ठिकाणी लेनच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. टपरीवाल्या भाऊंशी बोलून ठेवलं.

१८ जानेवारी

घाट आणि गावरस्ता. महामार्गाला जेवढा वेळ लागला तेवढाच या थोड्या किलोमीटरला लागला.

कोंडाईबारीत आपल्याला विसरवाडीकडून दहिवेलकडे, म्हणजे चढत यायचं आहे. रस्त्याची रुंदी पुरते. प्रश्न वळणांवरच्या आतल्या कडेचा. लांब ट्रेलर वळताना त्याचा मधला भाग आत ओढला जातो. हायड्रॉलिक ट्रेलरची सगळी चाकं वळतात म्हणून तो साध्या ट्रेलरपेक्षा खूप बरा, तरी सर्वांत तंग वळणावर समोरची लेन पूर्ण घ्यावी लागेल. तेवढा वेळ वाहतूक दोन्हीकडून बंद.

गावरस्ता पावणेचार मीटर डांबर, दोन्हीकडे मुरमाच्या बाजूपट्ट्या. एका विहिरीपाशी काटकोनात वळण, आतल्या कोपऱ्यात हरभऱ्याचं शेत. आणि त्याच्या आधी नाल्यावर स्लॅबची मोरी. तीन मीटरचा गाळा. स्लॅबच्या खालच्या बाजूला काँक्रीट सुटलेलं, सळ्या उघड्या पडून गंजलेल्या. अंगठ्याने दाबलं तर खपली हातात येते. जिल्हा परिषदेकडे चौकशी केली, पण मोरीचं ड्रॉइंग मिळालं नाही. अशा मोऱ्यांचं ते सहसा मिळतच नाही.

या मोरीवरूनच पुढचं सगळं ठरणार.

२२ जानेवारी

किती अ‍ॅक्सल लाइन लावायच्या यावर बैठक. हायड्रॉलिक ट्रेलरची एक लाइन म्हणजे आडव्या रांगेत आठ टायर. एका लाइनला कायद्याने १८ टन चालतात. लाइनचं स्वतःचं वजन ४ टनांच्या आसपास, दोन लाइनींतलं अंतर दीड मीटर.

आठ लाइनी घेतल्या तर ९८ अधिक ३२, एकूण १३० टन. लाइनीला सव्वासोळा टन. कायद्यात बसतं, ट्रेलर १२ मीटरचा राहतो, वळणं सोपी. दहा घेतल्या तर १३८ टन, लाइनीला १३.८. ट्रेलर १५ मीटरचा होतो. त्यापुढे जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॉबार, आणि ओढणारी गाडी, म्हणजे पुलर.

खरेदीवाले आठ म्हणत होते, भाडं कमी पडतं म्हणून. पण पुलाला एकूण टन किती हे फारसं कळत नाही. त्याच्या गाळ्यावर एका वेळी किती टन उभे आहेत ते कळतं. आठ लाइनींच्या ट्रेलरखाली रस्त्याच्या दर मीटरला १०.८ टन येतात, दहाच्या खाली ९.२. वाटेतल्या लहान गाळ्यांच्या पुलांना हा फरक फार मोठा. २०१४ नंतर भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी-६ मध्ये ३८५ टनांच्या विशेष वाहनाचा भार आला: वीस लाइनी, प्रत्येकी १८ टन, आणि पुढे पुलर. नव्या पुलांची गणितं त्यावर तपासता येतात. जुन्या पुलांना तो आधार नाही.

दहा लाइनी ठरल्या. त्याची किंमत विहिरीपाशी मोजावी लागणार, कारण १५ मीटरचा ट्रेलर तिथे शेतात गेल्याशिवाय वळत नाही. आणि मोरीवरून दहा लाइनींनीही जायचं नाही, शेजारून वळणरस्ता काढायचा. तीन मीटरच्या गाळ्यावर निदान दोन लाइनी एकदम येणार, म्हणजे साडेसत्तावीस टन. त्या गंजक्या सळ्यांवर इतका भार घालायला कोणीही सही करणार नाही. मी तर नाहीच.

३० जानेवारी

परवानग्यांचे अर्ज. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर, गावरस्त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आणि नुकसानभरपाईचा बॉण्ड. अर्जासोबत ट्रेलरचा आडवा-उभा नकाशा, प्रत्येक लाइनचं वजन, टायरचं माप, मार्गातल्या पुलांची यादी.

अर्ज रखडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: कागदांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ड्रॉइंगवर ९८ टन, बिलावर ९६.५, विम्याच्या कागदावर १०० असं असलं की फाइल परत. आज कारखान्याच्या डिस्पॅचवाल्या साहेबांशी बसून सगळीकडे एकच आकडा करून घेतला.

पुलांसाठीच्या अटी ठरलेल्या असतात. पुलावर वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, ट्रेलर मार्गिकेच्या मध्यावर, त्या वेळी पुलावर दुसरं वाहन नाही, आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही. शेवटची अट ड्रायव्हरांना पटवायला वेळ लागतो. ब्रेक मारला की दीडशेहून जास्त टनांची गाडी थांबवण्याचा आडवा धक्का बेअरिंगला आणि खांबाला बसतो.

परवानगीच्या पत्रावर मुदत असते. सगळ्या परवानग्या एकाच वेळी चालू असलेला पट्टा सापडायला हवा. आपल्याला तो ७ मार्चच्या आत हवा. १३ मार्चला होळी, आणि त्याआधीचा आठवडा नंदुरबार-नवापूर भागात भोंगऱ्या बाजारांचा. रस्त्यावर माणूसच माणूस. आणि आपले निम्मे हेल्परही त्याच गावांचे.

११ फेब्रुवारी

गावात. हरभऱ्याच्या शेताचे मालक, आबा, आधी नाहीच म्हणाले. मग विचारलं, "हाई कितलं जड शे?" ९८ टन म्हटल्यावर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, हरभरा निघाल्यावर या, बांध फोडा, पण परत घालून द्या, आणि चाकांनी दबलेली जमीन नांगरून द्या. रास्त मागणी. लेखी करारात नांगरटसुद्धा घातली. सरपंचताई साक्षीदार.

दुपारी महावितरणच्या वायरमनसोबत तारा मोजल्या. मुद्दाम दोन वाजता. उन्हात तारेला झोळ पडतो. सकाळच्या गारव्यात मोजलेली उंची दुपारी खरी राहत नाही. नियमानुसार रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर हवी, लघुदाबाची ५.८. गावरस्त्यावर एक ११ केव्ही ५.९ वर आणि लघुदाबाची एक ५.३ वर सापडली. लघुदाबाची तर भाराच्या खालीच. ती उतरवून पुन्हा उंच ओढायची, ११ केव्हीवर त्या वेळेपुरती वीज बंद.

काही ठिकाणी हेल्पर भारावर बसून कोरड्या बांबूने तार उचलतो. आमच्या कामावर भारावर माणूस बसणार नाही. तार बंद असल्याचा निरोप वायरमनने स्वतः पायलट गाडीत बसून द्यायचा, आणि भार पार झाल्याशिवाय त्याने गाडीतून उतरायचं नाही.

२० फेब्रुवारी

नाल्यातला वळणरस्ता तयार. पाणी जवळपास नाही, तरी ९०० मिलिमीटरचे एनपी-४ ह्यूम पाइप चार रांगांत टाकले, मध्ये आणि वर मुरूम थरांनी, प्रत्येक थर रोलरने दाबलेला. पाइपच्या माथ्यावर ६० सेंटीमीटर मुरूम, त्यावर पोलादी प्लेटा.

कंत्राटदार उतार-चढ नेहमीच्या ट्रकसारखे देणार होता, आत उतर, बाहेर चढ. दहा लाइनींच्या ट्रेलरला ते चालत नाही. १५ मीटर लांबीत रस्त्याचा जो खोलगटपणा असेल तो डेकच्या एकूण ६० सेंटीमीटरच्या चालीतच मावायला हवा. खोलगट भागात ट्रेलर उभा राहिला की दोन्ही टोकांच्या लाइनी दाबल्या जातात आणि मधल्या लोंबकळतात. दोरी ताणून मोजलं: ७० सेंटीमीटर. उतार लांबवायला सांगितला. आता ३५. म्हणजे वर-खाली थोडी चाल शिल्लक राहते.

२४ फेब्रुवारी

चढवणी. कारखान्याच्या क्रेनने टाकी उचलून डेकवर ठेवली. ट्रेलरची हायड्रॉलिक सर्किटं तीन गटांत जोडलेली असतात, म्हणजे भार तीन टेकूंवर उभा असल्यासारखा असतो, तिपाईसारखा. वजनाचा मध्य त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणात पुरेसा आत हवा. तो आहे की नाही हे प्रत्येक गटाचे दाबाचे गेज सांगतात. ऑपरेटर काकांनी वाचलं तर मागच्या दोन गेजांत फरक होता. टाकी चार सेंटीमीटर डावीकडे बसली होती. पुन्हा उचलून नीट ठेवली, दोन्ही गेज जुळले.

मग साखळ्या आणि टर्नबकल. पुढे सरकण्याविरुद्ध सर्वांत जास्त बांधणी, कारण ब्रेकचा झटका त्याच दिशेला असतो. टाकीवर इम्पॅक्ट रेकॉर्डर दोन लावले, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. एक बंद पडला तर दुसरा असावा. तीन दिशांचा धक्का नोंदवतात. या युनिटला मर्यादा ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट.

२५ फेब्रुवारी

पहाटे निघालो. पुढे पायलट गाडी, मग पुलर आणि ट्रेलर, मागे दुसरा पुलर रिकामा, शेवटी टायर-जॅक-प्लेटांची गाडी. सगळ्यांकडे वॉकीटॉकी. पायलट गाडीचं काम लाल झेंडा दाखवणं एवढंच नाही; पुढचा पूल रिकामा आहे का, पुढच्या थांब्यावर पुलरसकट २६ मीटर लांब ट्रेलर उभा राहील का, हे मागे कळवत राहायचं.

सूर्योदयाला टाकीतला नायट्रोजनचा दाब ०.२० किलो प्रति चौरस सेंटीमीटर, दुपारी तीनला ०.२८. कारखान्याचा नवा पोरगा घाबरला. तापमान १७ वरून ३६ झालं की बंद वायूचा दाब इतका वाढणारच. खरी काळजी उलटी: तापमान वाढलं आणि दाब तिथेच राहिला, तर गळती आहे. म्हणून नोंदवहीत दाबाशेजारी तापमानाचा रकाना सक्तीचा. गळून दाब शून्यावर आला की रात्रीच्या गारठ्यात बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते, आणि आतला इन्सुलेशनचा कागद तो ओलावा पितो. मग साइटवर वाळवण्यात आठवडे जातात.

भरूचला नर्मदा. पोलिसांनी मागची वाहतूक रोखली. मध्यावरून, चालत्या माणसाच्या वेगाने.

२७ फेब्रुवारी

कालची महाशिवरात्र महामार्गालगतच्या ढाब्यावर उभं राहून काढली. आज कामरेजला तापी पार, पलसाण्याला वळलो. बारडोलीपासून ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात. रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, ऊस दोन्हीकडून बाहेर. म्हणून हा टप्पा दिवसा लावला होता. एका फाट्यावर मोळ्या सांडलेल्या. टायरखाली गेल्या तर घसरतात, आधी उचलून घेतल्या.

१ मार्च

कोंडाईबारी. घाटाआधी गणित पुन्हा मांडलं. पुलर वजन ठेवून २५ टन, ट्रेलर आणि भार १३८, एकूण १६३. पाच टक्के चढावर नुसता चढ ८.१५ टन मागे ओढतो, टायरचा विरोध अडीच टनांच्या आसपास. साडेदहा टनांहून थोडं जास्त ओढायला हवं. पुलरच्या ओढणाऱ्या चाकांवर १८ टन. कोरड्या डांबरावर त्याचे सहा दशांश, म्हणजे १०.८ टन पकड. इंजिन कितीही दमदार असो, यापुढे चाक जागेवर फिरतं. डिझेल सांडलेलं असलं तर पकड सात टनांवर येते.

म्हणून दुसरा पुलर मागून पुशर म्हणून जोडला. दोन ड्रायव्हरांचा ताल जमणं हेच यातलं खरं काम. मागच्याने जास्त ढकललं तर वळणावर ट्रेलर बाहेर सरकतो. हुकूम एकाच माणसाचा, ऑपरेटर काकांचा, तोही तीनच शब्दांत: "ओढ", "ढकल", "थांब". वॉकीटॉकीवर बाकी कोणी बोलायचं नाही.

तंग वळणावर महामार्ग पोलिसांनी दोन्ही बाजू अडवल्या. काका रिमोट घेऊन ट्रेलरच्या शेजारून चालत, मागच्या लाइनी हाताने वळवत होते. आतल्या कडेला गटारापासून टायर ४० सेंटीमीटरवर. वळण पार व्हायला वीस मिनिटं. मागे अडकलेल्या एसटीतून प्रवासी उतरून बघत होते; एकाने विचारलं, यात काय आहे? कंडक्टरच म्हणाला, "डीपी आहे, मोठी."

३ मार्च

गावरस्ता. वीज बंद सकाळी आठला, वायरमन दादा पायलट गाडीत. दोन्ही तारांखालून विनासायास.

नाल्यात उतरणं ठीक. बाहेर चढताना पुढच्या तीन लाइनी चढावर आल्या आणि मागच्या डाव्या गटाच्या गेजचा काटा एकदम चढला. काकांनी "थांब" दिलं. कारण टायरपाशी वाकल्यावर दिसलं: डाव्या कडेची प्लेट एका पाइपच्या सांध्यावर तिरपी बसून तिचं एक टोक वर आलं होतं, आणि त्या बाजूचे टायर त्यावर चढले होते. मुरूम खचला नव्हता. मागे घेण्यात धोका जास्त. उजवीकडे लाकडी स्लीपरचे तुकडे घालून दोन्ही बाजू समपातळीत आणल्या, टाकीवरच्या पाणपातळीने आडवा कल तपासला, गेज जुळल्यावरच पुढे.

विहिरीपाशी आबांचा हरभरा निघालेला. बांध आदल्या दिवशी फोडून प्लेटा टाकल्या होत्या. ट्रेलरची मागची बाजू शेतात सहा मीटर आत जाऊन परत रस्त्यावर आली. दुपारी दीडला फाटकातून आत.

५ मार्च

उतरवणी. ट्रेलर प्लिंथच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याच्या, शेजारी. टाकीला जॅक लावायच्या चार ठरलेल्या जागा असतात, तिथेच जॅक लावायचे. एका वेळी एकच बाजू, दोन-अडीच सेंटीमीटर. लगेच खाली स्लीपर. मग दुसरी बाजू. जॅक निसटला तरी टाकी स्लीपरवरच बसली पाहिजे. मग डेक खाली घेऊन ट्रेलर बाहेर, रुळांवर ग्रीस, हायड्रॉलिक ढकलयंत्राने प्लिंथवर. ९८ टन मिनिटाला काही सेंटीमीटर सरकतात. घाई करायची सोयच नाही.

११ मार्च

दोन्ही रेकॉर्डरची नोंद उतरवली. सर्वांत मोठा धक्का १.१ जी, उभ्या दिशेत, नाल्याच्या त्याच ठिकाणी. मर्यादेच्या बराच आत. नायट्रोजनचा दाब धरून आहे, आतल्या ओलाव्याची खूण असलेला दवबिंदू कारखान्याने दिलेल्या हद्दीत. गाभ्याचं इन्सुलेशन तपासलं, ठीक. वारंवारता-प्रतिसाद चाचणी उद्या. तिचा आलेख कारखान्यात काढलेल्या आलेखावर ठेवून पाहायचा. वेटोळी सरकली असतील तर रेकॉर्डरपेक्षा तिथे आधी दिसेल.

पाइप आणि प्लेटा काढल्या, नाला मोकळा. बांध घातला, शेताची नांगरट झाली, आबांची सही घेतली. लघुदाबाची तार वर चढवलेलीच राहू द्या असं वायरमन दादांनी सुचवलं. महावितरणला तसं पत्र दिलं. मोरीचे फोटो आणि मोजमाप जिल्हा परिषदेला दिले, तिच्यावरून रोज उसाच्या ट्रॉल्या जातात म्हणून. बॉण्ड सोडवण्याचा अर्ज सोमवारी.